साडेतीनाचे साडेतीनशे

म्हसवडमध्ये रेडिओची पट्टी फिरवली, तर दोन आकडे ओळखीचे. एक गावातल्याच ‘माणदेशी तरंग’ या सामुदायिक केंद्राचा, 90.4 मेगाहर्ट्झ, दुसरा मध्यम लहरींवर अनेक वर्षं ऐकलेल्या सांगली आकाशवाणीचा, 1251 किलोहर्ट्झ. आता इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या कुणाच्याही डबीत सापडणारा बीसी 547 हा ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या माहितीपत्रकात 300 मेगाहर्ट्झ असा आकडा छापलेला असतो. सांगलीच्या लहरींच्या दोनशेपट वर, म्हणजे काम किरकोळ वाटावं. पण त्याच ट्रान्झिस्टरचा शंभरपट वर्धन देणारा साधा टप्पा बांधला, तर तो बऱ्याचदा सांगलीच्या आकड्यापर्यंतही धडपणे पोचत नाही. माझं म्हणणं असं, की यात ट्रान्झिस्टर मंद नसतो. आपण मागितलेलं वर्धनच त्याच्या दारात अडसर उभा करतं.

ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टर या दोन टोकांमध्ये एक नकोशी पण अटळ धारिता असते. कुणी तिथे कपॅसिटर जोडलेला नसतो. जोडाची रचनाच तसा कपॅसिटर होऊन बसते. बीसी 547 मध्ये ती साधारण साडेतीन पिकोफॅरड धरू. एवढ्याशा धारितेची कोण पर्वा करणार? पण हा टप्पा संकेत उलटा करतो, म्हणजे बेसवरचा दाब वर गेला की कलेक्टरवरचा खाली येतो. समजा, बेस 1 मिलिव्होल्टने चढला. वर्धन शंभरपट, म्हणून कलेक्टर 100 मिलिव्होल्टने उतरला. मधल्या कपॅसिटरच्या दोन टोकांतला फरक 1 ने नाही, तर 101 मिलिव्होल्टने बदलला. त्यासाठी लागणारा विद्युतभार 101 पट झाला, आणि तो पुरवायचा कुणी? बेसकडे संकेत आणणाऱ्या वाटेनेच. हौदात एक बोट पाणी चढवावं आणि तेवढ्यात हौदाचा तळ शंभर बोटं खाली जावा, तसा हा प्रकार. एक बोट चढवल्याचं दिसतं, पण पाणी एकशे एक बोटांचं ओतावं लागतं.

हिशेब पुरा करू. कलेक्टरमधून 1 मिलिअँपिअर प्रवाह जात असेल आणि कलेक्टरचा रोध 2.6 किलोओहम असेल, तर बेसपासून कलेक्टरपर्यंतचं वर्धन शंभराच्या आसपास येतं. मधली साडेतीन पिकोफॅरड आत येणाऱ्या संकेताला 3.5 × (1 + 100), म्हणजे सुमारे 350 भासते. बेस आणि एमिटर यांच्यातली स्वतःची धारिता पन्नासेक धरली, की एकूण 400 पिकोफॅरड. संकेत आणणाऱ्या वाटेचा आणि ट्रान्झिस्टरच्या प्रवेशरोधाचा मिळून परिणामी रोध 1 किलोओहम असेल, तर `f = 1/(2πRC)` या सूत्राने मर्यादा निघते 400 किलोहर्ट्झ. त्या कंप्रतेला वर्धन मूळच्या सत्तर टक्क्यांवर येतं. सांगलीच्या 1251 किलोहर्ट्झला ते जेमतेम तीस टक्के उरतं. मधल्या धारितेचा गुणाकार झालाच नसता, तर हीच मर्यादा 3 मेगाहर्ट्झच्या जवळ गेली असती.

यावर पहिला आक्षेप असा, की कपॅसिटर काही फुगत नाही, 350 हा केवळ कागदावरचा आकडा आहे. धातूच्या पत्र्यांचा विचार केला, तर आक्षेप खरा. पण संकेत आणणाऱ्याला कपॅसिटर दिसत नसतो, त्याला फक्त किती भार द्यावा लागला एवढंच कळतं, आणि तो भार 350 पिकोफॅरडला लागतो तेवढाच असतो. हे पडताळताही येतं. कंप्रता वाढवत नेत ऑसिलोस्कोपने बेस आणि कलेक्टर दोन्हीकडे पाहा. कलेक्टरवरचा संकेत घटतो तेव्हा बेसवरचाही त्याच प्रमाणात घटलेला दिसतो. दोघांचं गुणोत्तर जवळपास शंभरच राहतं. म्हणजे ट्रान्झिस्टर आपलं काम चोख करतोय, त्याच्यापर्यंत पोचणारा मालच कमी पडतोय. दुसरी खूण म्हणजे कलेक्टरचा रोध निम्मा करून पाहा. वर्धन निम्मं होतं आणि मर्यादा सुमारे पावणेदोन पट वर सरकते. कपॅसिटरला कुणी हातही लावलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: मग 300 मेगाहर्ट्झ हा आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो मोजताना कलेक्टर संकेतापुरता जमिनीला जोडलेला असतो. कलेक्टरचा दाब हलतच नाही, त्यामुळे गुणाकाराला वावच राहत नाही. शिवाय तो आकडा जास्त प्रवाहावरचा, बहुधा 10 मिलिअँपिअरचा. माहितीपत्रकातला हा मोठा आकडा पाहून ट्रान्झिस्टर निवडणाऱ्याने शेजारची बेस-कलेक्टर धारिता वाचली नाही, तर फसगत ठरलेली. अशा टप्प्यात 300 ऐवजी 600 मेगाहर्ट्झचा ट्रान्झिस्टर टाकून मधली धारिता तेवढीच राहिली, तर मर्यादा फारशी हलणार नाही.

उपाय गुणाकाराच्या मुळाशी आहे. एकावर एक दोन ट्रान्झिस्टर रचायचे. खालचा संकेत घेतो, पण त्याचा कलेक्टर वरच्याच्या एमिटरला जोडलेला असतो, आणि तिथला रोध इतका थोडा, की खालच्याचं वर्धन केवळ एकपट उरतं. प्रवाह मात्र तसाच वर जातो आणि शंभरपट वर्धन वरच्याच्या कलेक्टरवर मिळतं. वरच्याचा बेस संकेतापुरता जमिनीला बांधलेला असल्याने तिथून मागे फारसं काही झिरपत नाही. खाली आता 3.5 × (1 + 1), म्हणजे 7 पिकोफॅरडच भासते. एकूण 57 धरून मर्यादा सुमारे 2.8 मेगाहर्ट्झ येते आणि सांगलीच्या कंप्रतेला नव्वद टक्क्यांहून अधिक वर्धन टिकतं. या रचनेला कॅस्कोड म्हणतात. एका ट्रान्झिस्टरचा जादा खर्च आणि वरच्याला लागणारा थोडा जादा व्होल्टेज, एवढीच तिची किंमत.

90.4 मेगाहर्ट्झला मात्र एवढ्यानेही भागत नाही. तिथे एक किलोओहमची वाट परवडतच नाही. कमी रोधाची वाट आणि नेमक्या कंप्रतेला जुळवलेली वेटोळी लागतात. वेटोळं धारितेला आपल्यात सामावून घेतं, पण नवी अडचण आणतं. जॉन मिल्टन मिलर यांनी 1920 साली निर्वात नळ्यांबद्दल लिहिलेल्या निबंधाचा विषयच हा होता, की प्रवेशाशी काय दिसतं ते बाहेरच्या बाजूला काय जोडलंय त्यावर ठरतं. बाहेर रोध असेल तर आत फुगलेली धारिता दिसते. बाहेरचं वेटोळं थोडं चुकीचं जुळलं, तर आत ऋण रोध दिसू शकतो. मग वर्धक संकेत वाढवायचं सोडून स्वतःच कंप पावू लागतो, आणि स्पीकरमधून कार्यक्रमाऐवजी शिट्टी येते. म्हणूनच एफएम रेडिओच्या पहिल्या टप्प्यात ट्रान्झिस्टरचा बेसच जमिनीला बांधून संकेत एमिटरमधून देण्याची पद्धत रूढ झाली. मग संकेत उलटत नाही, आणि मधली धारिता मागच्या दाराने बेसमार्गे जमिनीत जाते.

तरीही हा गुणाकार सरसकट शत्रू मानणं मला पटत नाही. 741 या जुन्या ऑपअ‍ॅम्पमध्ये 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर मुद्दाम संकेत उलटवणाऱ्या टप्प्याच्या दोन टोकांत बसवलेला असतो. चिपवर मोठा कपॅसिटर मावत नाही, म्हणून मधल्या टप्प्याच्या वर्धनाने तो शेकडो पटींनी मोठा भासवला जातो. त्यामुळे उघड्या वर्धनाची मर्यादा जेमतेम काही हर्ट्झवर येते, आणि पुढे रोधांनी कितीही ऋण फीडबॅक जोडलं तरी ती चिप सहसा शिट्टी वाजवत बसत नाही.