विश्लेषण : बीडमधील गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया १३,८६१ की ४,६०५? चुकीच्या आकड्याला उत्तर कसे द्यावे?

‘बीडमध्ये तीन वर्षांत १३,८६१ ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली’ अशा आशयाचे वाक्य बातमीच्या चर्चेत आले, की दोन प्रकारची उत्तरे ठरलेली असतात. एक जण संतापून ते पुढे पाठवतो. दुसरा लिहितो, ‘साफ खोटे आहे. सरकारी आकडा ४,६०५ आहे. जिल्ह्याची बदनामी थांबवा.’ गंमत अशी, की मूळ वाक्य चुकीचे आहे आणि ही दुरुस्तीही चुकीचीच. दोन्ही आकडे मात्र खरे आहेत. त्यांनी मोजलेली गोष्ट वेगवेगळी आहे, एवढेच.

हे दोन आकडे कोठून आले?

एप्रिल २०१९ मध्ये ‘बिझनेसलाइन’ या दैनिकाने बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या विषयाची देशभर चर्चा सुरू झाली. गावात याला साध्या शब्दांत ‘पिशवी काढणे’ म्हणतात. ऊसतोडीला जोडपे ‘कोयता’ म्हणून जाते, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले तरी खाडा लागतो. पाळीच्या त्रासात सुट्टी परवडत नाही, फडावर पाणी आणि शौचालयाची सोय नसते. त्यातून तक्रारी वाढतात आणि उपचाराऐवजी थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो, असे चित्र त्यातून समोर आले.

जून २०१९ मध्ये हा प्रश्न विधान परिषदेत आला. आमदार नीलम गोऱ्हे यांनी तो उपस्थित केला होता. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात सांगितले, की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीनुसार २०१६-१७ ते २०१८-१९ या काळात ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. यातील अनेक महिला ऊसतोड कामगार नव्हत्या, हेही त्याच उत्तरात होते. हा भाग पुढच्या चर्चेतून बहुतेक वेळा गळून जातो.

त्यानंतर गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यात ८२,३०९ महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले.

मग फरक नेमका कशात?

पहिला आकडा शस्त्रक्रियांचा आहे. तो रुग्णालयांच्या नोंदींतून आला. त्याला तीन वर्षांची आणि खासगी रुग्णालयांची मर्यादा आहे. त्या खाटेवर झोपलेली बाई ऊसतोड कामगार होती, शिक्षिका होती की दुकानदार, याने त्या बेरजेत फरक पडत नाही.

दुसरा आकडा महिलांचा आहे. तो विचारपूस करून आला आणि विचारपूस फक्त ऊसतोड महिलांची झाली. शस्त्रक्रिया कधी झाली, याला त्या तीन वर्षांची अट नव्हती. एखाद्या बाईची पिशवी कितीतरी आधी काढलेली असेल, तरी ती १३,८६१ मध्ये असू शकते आणि ४,६०५ मध्ये नसणारच.

म्हणजे एक आकडा दुसऱ्याचा भाग नाही, एकाला दुसरा खोडून काढत नाही आणि दोघांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. ‘सरकारने नऊ हजार शस्त्रक्रिया लपवल्या’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हीच वजाबाकी केलेली असते.

कागदपत्रे हाताशी नसतानाही मूळ वाक्याची शंका यायला हवी, असा एक साधा हिशेब आहे. ४,६०५ ला ९९ ने भागले तर एका रुग्णालयामागे तीन वर्षांत सरासरी ४६-४७ शस्त्रक्रिया येतात. १३,८६१ याच काळात, याच रुग्णालयांत झाल्या असे धरले, तर हीच सरासरी १४० होते. एवढी मोठी तफावत दिसली, की बहुधा दोन वेगळ्या मोजण्या एका वाक्यात शिवल्या गेल्या आहेत, असे समजावे.

‘बीडची प्रत्येक सहावी बाई’ हे बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण तिच्यातला भागाकार बरोबर आहे. १३,८६१ भागिले ८२,३०९ केले तर सुमारे १७ टक्के येतात, म्हणजे साधारण सहापैकी एक. पण हे प्रमाण सर्वेक्षणातील ऊसतोड महिलांचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात महिलांची संख्या १२ लाखांहून अधिक होती. ‘सर्वेक्षण झालेल्या ऊसतोड महिलांपैकी’ हे चार शब्द वाक्यातून गेले, की छेद बदलतो आणि बातमीही बदलते.

याच चर्चेत ३६ टक्के हाही आकडा दिसतो. तो २०१९ च्या आधी झालेल्या, सुमारे २०० महिलांच्या छोट्या पाहणीचा आहे. तो खोटा म्हणून फेकून द्यायचा नाही. आधी इशारा त्यानेच दिला होता. मात्र २०० आणि ८२ हजार यांतून आलेली टक्केवारी शेजारी ठेवताना किती जणींना विचारले, हे सांगावे लागते. वर्षाच्या अखेरीस तत्कालीन मंत्री नितीन राऊत यांच्या पत्रातून ३० हजार हा आकडाही चर्चेत आला, पण तो मराठवाड्यासाठी होता, एकट्या बीडसाठी नव्हे.

दुरुस्ती केली तर विषय हलका होतो का?

हा प्रश्न खरा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी त्या चर्चेत असेल आणि कोणी ‘आकडा चुकीचा आहे’ एवढेच लिहिले, तर तिला ते ‘असे काही घडलेच नाही’ असे ऐकू येते. तिच्या आईची पिशवी तिशीत काढलेली असू शकते. उलट बाजूने, चुकीचे वाक्य तसेच राहिले तर आरोप झटकू पाहणाऱ्याला आयते निमित्त मिळते. तो फक्त ‘तीन वर्षांत’ एवढे खोडून दाखवतो आणि सगळी बातमीच खोटी ठरवून मोकळा होतो.

वास्तविक दुरुस्तीनंतर उरणारे चित्र सौम्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले होते. बीडच्या ऊसतोड महिलांमधील १७ टक्के त्याच्या पाचपटीहून अधिक आहेत. दोन्ही सर्वेक्षणांतील वयोगट आणि पद्धत एकसारखी नाही, त्यामुळे पाचपट हा आकडा घासून-पुसून वापरण्यासारखा नाही. तरी अंतर केवढे आहे, ते कळायला तो पुरेसा आहे.

उत्तर प्रत्यक्षात कसे लिहावे?

समजा, मूळ वाक्य गावातल्याच ओळखीच्या माणसाने पाठवले आहे. ‘फेक न्यूज’ हा शब्द वापरला, की त्याला आकडा सोडून स्वतःचा बचाव करावा लागतो. पुढचे वीस संदेश त्यातच जातात. त्याने जे बरोबर लिहिले आहे ते आधी तसेच ठेवावे, मग चूक नेमक्या ज्या शब्दांत आहे तेवढेच शब्द दाखवावेत. येथे चूक आकड्यात नाही, ‘तीन वर्षांत’ या दोन शब्दांत आहे. उत्तर असे होऊ शकते :

‘भाऊ, १३,८६१ हा आकडा बरोबर आहे, फक्त तो तीन वर्षांचा नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी इतक्या जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. तीन वर्षांचा आकडा वेगळा आहे, ४,६०५. तो ९९ खासगी रुग्णालयांचा असून त्यात ऊसतोड नसलेल्या महिलाही आहेत. जून २०१९ मधील विधान परिषदेतील उत्तरात तो आहे.’

यात दुव्यांची माळ नाही. पण महिना, सभागृह, समिती आणि ९९ ही संख्या आहे. ज्याला तपासायचे आहे, त्याला त्या काळच्या दैनिकांच्या ई-पेपरमध्ये किंवा शोधयंत्रात एवढ्यावरून बातमी सापडते. ‘सरकारी अहवालानुसार’ असे मोघम लिहिले असते, तर कोणता अहवाल, हा पुढचा वाद उभा राहिला असता. कारण येथे दोन्ही आकडे सरकारी पाहणीचेच आहेत.

दुसऱ्या गृहस्थाला, म्हणजे ४,६०५ घेऊन आलेल्याला, वेगळे उत्तर लागते : ‘४,६०५ बरोबर, पण तो खासगी रुग्णालयांतील तीन वर्षांच्या शस्त्रक्रियांचा आहे. ऊसतोड महिला किती, ते त्यातून कळत नाही.’ दोघांना एकाच संदेशात उत्तर दिले, तर पहिल्याला वाटते आपली बाजू मांडली गेली आणि दुसऱ्याला वाटते आपल्यावर टीका झाली.

या दुरुस्तीच्या मर्यादा कोणत्या?

१३,८६१ पैकी किती शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, हे या संख्येवरून ठरत नाही. गर्भाशय काढण्याला गाठी, अति रक्तस्राव, कर्करोग अशी वैद्यकीय कारणेही असतात. त्यामुळे ‘सगळ्या जबरदस्तीने’ हे जसे या आकड्यातून सिद्ध होत नाही, तसे ‘सगळ्या गरजेच्याच’ हेही होत नाही. एखाद्या मुकादमाने दबाव आणला का, डॉक्टरने कर्करोगाची भीती घातली का, हे त्या त्या बाईच्या कागदपत्रांतून आणि तिच्या सांगण्यातून कळते. कोणी या मुद्द्यावर वाद घालू लागले, तर तो आकड्याच्या दुरुस्तीला जोडू नये.

शिवाय हे सर्व आकडे २०१९ चे आहेत. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले आणि ऊसतोडीला जाण्याआधी व परतल्यावर कामगारांची तपासणीही होऊ लागली. त्यामुळे नव्या बातम्यांत येणारे आकडे याच तपासण्यांचे किंवा परवानग्यांचे असू शकतात. ते पाहताना पुन्हा तेच विचारावे लागेल : ही संख्या त्या वर्षात झालेल्या शस्त्रक्रियांची आहे, की तपासणीला आलेल्या आणि कधीतरी पिशवी काढलेल्या महिलांची?