न मेलेल्या माशीचा हिशेब

आंबिया बहराची फुलं येतात तेव्हाच संत्र्याच्या झाडाला कोवळी नवती फुटते आणि त्या नवतीवर सिट्रस सिला बसतो. त्यामुळे अचलपूर तालुक्यातल्या बागांमध्ये पहिला फवारा बहुतेक वेळा फुलांच्या आगेमागेच होतो. अशाच एका बागेत मालकानं मला ठामपणे सांगितलं, "भाऊ, परवा औषध मारलं. झाडाखाली एक त माशी मेलेली दाखवा मले! हे औषध माशीले काही करत नाही."

झाडाखाली खरंच एकही मेलेली माशी नव्हती. फुलांवर फुलोरी माश्या फिरत होत्या, वरच्या फांद्यांना आग्या माशीही होती. मालकाचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र सोपा नाही. जगभरातल्या कीटकशास्त्रज्ञांनी त्यासाठी बरीच वर्षं घालवली आहेत.

आधी पंपातल्या पाण्याचा हिशेब करू. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे औषध 10 लिटर पाण्यात 5 मिली घातलं, तर त्या पाण्यात सुमारे 1 ग्रॅम मूळ विष उतरतं. म्हणजे मिलीलिटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबुकल्यात साधारण 100 नॅनोग्रॅम. ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं पाळीव युरोपियन मधमाशीसाठी धरलेला आकडा असा आहे, की पोटात 3.7 नॅनोग्रॅम इमिडाक्लोप्रिड गेलं तर दोन दिवसांत निम्म्या माश्या मरतात. फवाऱ्याचा ओला थेंब चाटणारी माशी वाचणं अवघडच. पण ती झाडाखाली पडेलच असं नाही. ती उडते आणि वाटेत कुठेतरी पडते. मेलेल्या माश्या बागेत शोधून ही मोजणी होत नाही, याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे. हे औषध आंतरप्रवाही आहे. ते पानात, रसात मुरतं आणि थोडं मधुरसात आणि परागात उतरतं. बीजप्रक्रिया केलेल्या पिकांच्या मधुरसात ग्रॅममागे सरासरी 2 नॅनोग्रॅमच्या आसपास अंश मिळाल्याची नोंद आहे. फवारलेल्या किंवा मुळाशी औषध दिलेल्या फळझाडांत तो जास्तही असू शकतो. माशीच्या मधुपिशवीत जेमतेम 40 मिलिग्रॅम रस मावतो. 2 नॅनोग्रॅमच्या हिशेबानं एका खेपेत तिच्याकडे 0.08 नॅनोग्रॅम येतं, म्हणजे मरणाच्या मात्रेच्या पंचेचाळिसाव्या भागाहूनही कमी. ती मरत नाही. मग तिचं काय होतं?

प्रयोगशाळेतल्या मात्रा-चाचणीपुरतं बोलायचं तर या प्रश्नाला तिथे फारशी जागा नाही. ही चाचणी मी जवळून पाहिली आहे आणि तिची शिस्त मला आवडते. पिंजऱ्यागणिक दहा कामकरी माश्या, अंधारी खोली, 25 अंश तापमान. माश्यांना दोन तासांपर्यंत उपाशी ठेवतात आणि मग निम्मी साखर असलेल्या पाकात औषधाची मोजलेली मात्रा देतात. पाक प्रत्येक माशीला वेगळा मिळत नाही. दहा जणी तो एकमेकींना भरवतात आणि त्यातून प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी मात्रा येते असं धरलं जातं. पाच चढत्या मात्रा, प्रत्येकीचे निदान तीन पिंजरे, नुसत्या पाकाचे पिंजरे वेगळे. शिवाय काही पिंजऱ्यांना डायमेथोएट देतात, आपल्याकडे दुकानात 'रोगर' म्हणून मागतात तेच. त्याची मारक मात्रा माहीत असल्यामुळे त्या पिंजऱ्यांत अपेक्षेइतक्या माश्या मेल्या नाहीत, तर चाचणीतच कुठेतरी चूक आहे हे कळतं. नुसत्या पाकावरच्या माश्या दहा टक्क्यांहून जास्त मेल्या, तरी सगळं रद्द.

चार तासांनी, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. मधल्या मात्रांच्या पिंजऱ्यांत मी तासन् तास बघत बसायचो, कारण खरी गोष्ट तिथे घडत होती. एखादी माशी जाळीवर चढताना घसरायची, पुन्हा चढायची. एखादी तळाशी पाय थरथरवत उताणी पडायची आणि दुसऱ्या दिवशी उभी असायची. अशा वागण्याची नोंद करायला नियम सांगतो, पण निकालाचा आकडा जिवंत आणि मेलेल्यांवरूनच निघतो. उभी राहिलेली माशी 'जिवंत'च्या रकान्यात जाते. पिंजऱ्यात तिला कुठे जायचं नसतं आणि कुठून परत यायचं नसतं. पाक समोरच असतो.

ती परत येते का, हे फ्रान्समध्ये मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. 2012 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात माश्यांच्या पाठीवर अगदी हलक्या रेडिओ चिपा चिकटवल्या होत्या आणि पोळ्याच्या दारात वाचकयंत्र होतं. माशीला 1.34 नॅनोग्रॅम थायोमेथोक्झाम पाकातून दिलं. ही मात्रा मारक मात्रेच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. मग तिला पोळ्यापासून दूर नेऊन सोडलं. नुसता पाक घेतलेल्यांशी तुलना केली, तेव्हा औषधामुळे न परतणाऱ्यांचं प्रमाण परिस्थितीनुसार सुमारे 10 ते 32 टक्के निघालं. ओळखीच्या वाटेवर कमी, अनोळखी जागी जास्त. माशी मेली नव्हती, घर चुकली होती. पोळ्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

यावर रास्त आक्षेप आले. एक म्हणजे दिवसभरात थोडंथोडं जाणारं औषध एका घोटात दिलं होतं. दुसरा आक्षेप गणिताचा. लेखकांनी या आकड्यांवरून वसाहत ढासळेल असं भाकीत केलं होतं, पण वसंतात राणी घालत असलेल्या अंड्यांचा वेग त्यांनी कमी धरला होता. जास्त वेग धरला, तर तेवढं नुकसान सोसूनही वसाहत वाढू शकते.

या वादात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याच आंरींचं 2015 सालचं काम. त्यांनी आपला प्रश्न शेतावर नेला. थायोमेथोक्झाम लावलेल्या मोहरीवर्गीय पिकाच्या आसपास पोळी ठेवली, हजारो माश्यांना चिपा लावल्या आणि यावेळी कुणालाही काही पाजलं नाही. माश्या आपल्या मनानं फिरल्या. औषधाच्या शेतांजवळच्या माश्या खरंच लवकर नाहीशा होत होत्या. आणि तरीही वसाहती लहान झाल्या नाहीत, मधही घटला नाही. कारण वसाहतीनं आपली घडी बदलली होती. नरांची पैदास पुढे ढकलली आणि कामकरी माश्यांची वाढवली. प्रयोगशाळा सांगत होती ते खरं होतं आणि 'पोळ्याला काही झालं नाही' म्हणणारेही खोटं बोलत नव्हते. पेट्यांचा मालक वर्षअखेरीला मोजतो त्या मधाच्या डब्यात हे नुकसान दिसत नाही, एवढंच. याच कामात एक अनपेक्षित गोष्टही सापडली. त्या भागात फुलांच्या पिकांवर न वापरलेलं इमिडाक्लोप्रिडही मधुरसात जवळपास तेवढ्याच प्रमाणात होतं. म्हणजे 'औषध न मारलेलं शेत' असं ज्याला म्हणायचं, तेही निर्मळ नव्हतं.

वसाहत भरपाई करते, पण त्यासाठी हजारो कामकरी हाताशी लागतात. स्वीडनमध्ये मॅय रुंडल्योफ यांच्या गटानं 2013 साली मोहरीवर्गीय पिकाच्या शेतांच्या आठ जोड्या घेतल्या. जोडीतल्या एका शेतात क्लोथियानिडिन लावलेलं बी, दुसऱ्यात साधं. पाळीव मधमाश्यांच्या पोळ्यांत फरक सापडला नाही. बंबलबीची पोळी मात्र कमी वाढली. एकटीनं घरटं करणाऱ्या माशीचं तर असं झालं, की साध्या आठ शेतांपैकी सहांत तिनं घरटी बांधली आणि औषधाच्या आठपैकी एकातही नाही. जिला राखीव कामकरी नाहीत, तिची एक खेप चुकली की तिचं त्या वर्षाचं सगळंच चुकतं.

आपल्या भागात हा निकाल मी पाळीव पेट्यांपेक्षा तुरीच्या शेतात जास्त लावून बघतो. तुरीच्या फुलाला उघडणारा काळा भुंगा आणि पानं गोल कापून नेणारी माशी, दोघंही एकट्यानं घर करणारे. त्यांची कुठे पेटी नाही आणि मालकही नाही. संत्र्यावरच्या फुलोरीचं तसं नाही, ती वसाहतीत राहते. पण तिचा संसार उघड्यावर, एकाच पोळ्याचा आणि पेटीतल्या युरोपियन माशीपेक्षा खूप लहान असतो. भरपाई करायची तिची ऐपत किती, हे युरोपातल्या पेट्यांवरून ठरवता येत नाही. देशी माशीवर थेट काम झालेलं आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या गटानं 2015 साली दाखवलं, की जास्त औषध मारणाऱ्या भागातल्या सातेरी माश्या वासाला सोंड बाहेर काढून दाद देण्यात मागे पडतात आणि त्यांच्या मिशांवरच्या संवेदकांतही बिघाड दिसतो. पण ती पाहणी एकेका माशीची आहे, पोळ्याची नाही.

पोळ्याची पाहणी अचलपूरला करायची, तर पहिली अडचण तुलनेची. साधी शेतं आणायची कुठून? इथे दोन एकर संत्रा, शेजारी पऱ्हाटी, बांधापलीकडे हरभरा, आणि प्रत्येकाचा फवारा वेगळ्या दिवशी. फुलोरी जवळपास चरते, आग्या कित्येक किलोमीटर जाते. उत्तरेला मेळघाटच्या पायथ्याला औषध कमी, पण तिथे जंगलाची फुलं आहेत, उंची वेगळी, पाणी वेगळं. फरक दिसला तर तो औषधाचा की पळसाचा?

दुसरी अडचण संख्येची. जेम्स क्रेसवेल यांनी 2011 साली आधीच्या प्रयोगांची एकत्र छाननी केली. मधुरसात खरोखर असतं तेवढं इमिडाक्लोप्रिड युरोपियन माशीला मारत नाही, पण तिची कामगिरी 6 ते 20 टक्क्यांनी घटवतं, असा अंदाज त्यातून निघाला. त्याच लेखात त्यांनी दुसरं दाखवलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'परिणाम नाही' असं सांगणाऱ्या शेतावरच्या प्रयोगांत पोळ्यांची संख्या इतकी कमी होती, की एवढी घट झाली असती तरी त्यांना ती दिसली नसती.

फुलोरीसाठी हे मांडून बघू. तिचं पोळं उघडं आणि बहुधा हाताच्या उंचीवर असतं. संध्याकाळी माश्या परतल्यावर पोळ्याचा फोटो काढून माश्यांनी झाकलेलं क्षेत्र मोजता येतं, पेटी उघडायची गरज नाही. समजा, पोळ्यापोळ्यांत आकाराचा नैसर्गिक फरक सरासरीच्या 40 टक्के आहे. मग 20 टक्के घट खात्रीनं ओळखायला संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं दोन्ही बाजूंना साधारण 64-64 पोळी लागतात. 10 टक्के घट ओळखायची, तर 250 च्या वर. इतकी पोळी एका हंगामात शोधणं कष्टाचं असलं तरी अशक्य नाही, गुराख्यांना आणि पोरांना ती माहीत असतात. खरी अडचण पुढे येते. फुलोरी पोळं सोडून निघून जाते. मोजणीच्या मध्यात रिकामी झालेली फांदी दिसली, की ती फवाऱ्यामुळे गेली, फुलोरा संपल्यामुळे गेली, की कुणी मध काढल्यामुळे, हे फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पोळ्याभोवतीच्या शेतांतल्या फवाऱ्याची तारीख आणि औषधाचं नाव लिहून ठेवावं लागेल, आणि पोळं उठण्याआधी त्यातला थोडा मध आणि पराग अंश-तपासणीसाठी घ्यावा लागेल.