होडी प्रवाहापेक्षा वेगानं का हाकायची?

नदीत सांडपाणी मिसळलंय आणि ते ताशी 2 किलोमीटर वेगानं खाली वाहत चाललंय, असं समजा. वाहता वाहता जिवाणू त्यातली घाण खातात, म्हणून ती घटतही जाते. घट शिल्लक घाणीच्या प्रमाणात होते, हे गृहीतक स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासात 1925 साली वापरलं होतं. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून घटीचा दर मी मुद्दाम मोठा, म्हणजे तासाला 0.1 घेतो. उगमाकडच्या एका घाटापासून x किलोमीटरवर, t तासांनी, दर लिटरमागे घाण u मिलिग्रॅम असेल, तर समीकरण होतं:

u_t + 2u_x = −0.1u

हे पहिल्या कोटीचं आंशिक अवकल समीकरण. u स्थळ आणि काळ या दोन्हींवर अवलंबून असल्यानं ते अवघड दिसतं. काठावर उभं राहण्याऐवजी पाण्यातल्या एखाद्या पानाबरोबर वाहत गेलं, की डावी बाजू म्हणजे त्या पानाजवळ घाण बदलण्याचा दर, एवढंच उरतं. मग समीकरण चक्रवाढ व्याजाच्या उलट हिशेबाइतकं सोपं होतं: T तासांनी घाण e^(−0.1T) पट राहते. x आणि t च्या आलेखावर पानाचा मार्ग म्हणजे एक तिरपी रेघ. तिलाच अभिलक्षण वक्र म्हणतात. प्रत्येक पानाची रेघ वेगळी, आणि एका रेघेवरची माहिती शेजारच्या रेघेवर कधीच जात नाही.

म्हणून प्रत्येक रेघेवर कुठेतरी एकदा मोजमाप हवं. पाठ्यपुस्तकात ते बहुधा t = 0 ला, अख्ख्या नदीवर एकाच क्षणी दिलेलं असतं. प्रत्यक्षात हाताशी असते एक होडी. ती घाटावरून t = 0 ला निघाली आणि ताशी 5 किलोमीटरनं खाली जात, चार तास वाटेत नमुने घेत राहिली. s तासांनी ती 5s किलोमीटरवर होती आणि नोंद आली g(s). आलेखावरचा होडीचा हा मार्ग म्हणजे आपला आरंभ-वक्र.

आता 16 किलोमीटरवर, पाचव्या तासाला घाण किती, ते काढू. तिथलं पाणी होडीला कधी भेटलं होतं? भेट झाली तेव्हा ते 5s वर होतं, नंतर ताशी 2 नं वाहिलं. म्हणून x − 5s = 2(t − s), म्हणजेच s = (x − 2t)/3. आकडे घातले की s = 2. दोन तासांनी, 10 किलोमीटरवर, होडीनं हेच पाणी उपसलं होतं. तेव्हाची नोंद 8 असेल, तर पुढच्या तीन तासांत तिचं 8 × e^(−0.3), म्हणजे सुमारे 5.93 झालं. उत्तर तयार. त्याच वेळी 8 किलोमीटरवर काय होतं, हे मात्र सांगता येत नाही. तिथे s उणे येतो. ते पाणी घाटाशी पोचण्याआधीच होडी निघून गेली होती. चार तासांच्या नोंदींतून फक्त x − 2t हा आकडा 0 ते 12 असलेला पट्टा उलगडतो.

सूत्रातल्या छेदातला 3 नीट पाहा, सगळी गोम त्यातच आहे. होडीचा वेग 5 आणि पाण्याचा 2, त्यांतला तो फरक. होडी ताशी 2.1 नं नेली तर छेद 0.1 होतो. मग उत्तराच्या ठिकाणात 100 मीटरची चूक झाली तर s तब्बल एका तासानं सरकतो. आधीच्या होडीत तो दोनच मिनिटं सरकला असता. कागदावर सूत्र बरोबरच असतं, पण उत्तरावर विसंबता येत नाही.

आणि होडी वल्हीच न मारता प्रवाहाबरोबर सोडून दिली तर? छेद शून्य. दिवसभर नमुने घेतले तरी ते एकाच पाण्याचे. नोंद 8 वरून तीन तासांत 5.93 वर आली, तर समीकरण खरं ठरतं; पण बाकी नदीबद्दल काहीच कळत नाही, कारण u = F(x − 2t)·e^(−0.1t) मध्ये F(0) = 8 असलेलं कोणतंही गुळगुळीत F चालतं. उत्तरं अगणित. आणि नोंद 7 आली, तर या समीकरणाला उत्तरच नाही: वाटेत एखादा नाला मिसळतोय, किंवा घटीचा दर आपण चुकीचा धरलाय.

होडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली तर ती काही पाण्याला दुसऱ्यांदा भेटते. मग त्या दोन नोंदी एकमेकींशी जुळायलाच हव्यात. जाणकार माणूस हे मुद्दाम करतो, कारण प्रवाहाचा वेग खरोखर 2 आहे का, याची तीच सर्वात स्वस्त तपासणी. या हिशेबात शेजारच्या पाण्यात घाण पसरणं धरलेलं नाही. ते धरलं की समीकरण दुसऱ्या कोटीचं होतं, पानाच्या रेघा एकमेकींपासून अलग राहत नाहीत आणि ही युक्ती तिथेच संपते.