प्रस्तावना कोणी लिहावी?

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा कवी नवा होता आणि त्याचं मुंबईतलं जग मध्यमवर्गीय वाचकाला अपरिचित. प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी. नाटककार म्हणून ते प्रसिद्ध होते, पण त्या वस्तीत स्वतःही परकेच. म्हणूनच ते वाचकाच्या बाजूने त्या जगात शिरू शकले. केवळ मोठं नाव पुरत नाही. लिहिणाऱ्याने पुस्तक नीट वाचलेलं हवं. कोणत्याही पुस्तकाला चालेल अशी स्तुती दिसली, की ते वाचलेलं नाही असं खुशाल समजावं. पुस्तक का लिहिलं, कसं घडलं, कोणाची मदत झाली, हे लेखकाने स्वतःच्या मनोगतात सांगावं. प्रस्तावनाकाराने त्या हकिकतीत शिरू नये.