काकूंची तक्रार आणि तीन रकाने

समजा, एका हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं अॅप आहे आणि त्याच्या टेस्टरकडे ही तक्रार आली: "दादा, परवापासून पैसे भरायचा प्रयत्न करतेय. दुपारी लाईट गेली, वायफायही बंद. लाईट आल्यावर अॅपने अपडेट मागितलं, ते केलं. मग रक्कम २३५० टाकली, पण पुढे जातच नाही, सारखं चुकीचं दाखवतं. सर्वर डाऊन असणार. मुलीच्या फोनवरून लगेच भरले गेले. दोनदा कापले जाणार नाहीत ना?"

प्रोग्रामरला हे असंच पाठवलं, तर तो आपल्या फोनवर अॅप उघडेल, रक्कम टाकेल, सगळं नीट चालेल आणि 'माझ्याकडे होत नाही' असा शेरा मारून तक्रार बंद करेल. म्हणून तिची तीन रकान्यांत मांडणी करतात: काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. चांगल्या बग रिपोर्टला एवढ्या तीनच गोष्टी लागतात, असं जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली लिहिलं. मोझिलाच्या बगझिलावर तक्रार नोंदवतानाही साधारण हेच विचारतात.

रकाने पाडणं सोपं. कोणतं वाक्य कुठे टाकायचं आणि कोणतं गाळायचं, इथे टेस्टरची परीक्षा होते.

'सर्वर डाऊन असणार' हा काकूंचा अंदाज आहे, त्यांनी पाहिलेली गोष्ट नव्हे. तो 'प्रत्यक्षात' या रकान्यात गेला, तर प्रोग्रामर दिवसभर सर्वरच्या नोंदी चाळत बसेल. अंदाज खाली शेऱ्यात लिहावा. पैसे दोनदा कापले जाण्याची भीती ही वेगळी चौकशी आहे. ती हिशेब पाहणाऱ्याकडे जाईल, पण तिला उत्तर मिळालंच पाहिजे.

'चुकीचं दाखवतं' हे वाक्य तर जवळजवळ निरुपयोगी आहे. टेस्टरला फोन करावा लागतो: "काकू, पडद्यावर नेमकी कोणती अक्षरं येतात? वाचून दाखवता?" त्या वाचतात: "कृपया योग्य रक्कम टाका." हा संदेश रकमेच्या चौकटीखालीच येतो आणि वायफाय बंद केलं तरी येतो. म्हणजे गाडी सर्वरपर्यंत पोचलेलीच नाही. अॅप दारातच अडवतंय. लाईट आणि वायफाय आता पायऱ्यांतून काढता येतात, कारण त्यांच्याशिवाय बिघाड होतो हे तपासून झालं. अपडेटचंही तसंच तपासावं. नुसतं फालतू वाटलं म्हणून काही काढू नये.

मुलीच्या फोनचं वाक्य घाईत पहिलं उडतं, कारण ते घरगुती गप्पांसारखं वाटतं. पण तेच अॅप, तीच रक्कम, आणि एका फोनवर चालतं, दुसऱ्यावर नाही. मग या दोन फोनांत फरक काय? विचारल्यावर कळतं की काकूंचा कीबोर्ड मराठी आहे आणि मुलीचा इंग्रजी. आता मूळ तक्रार पुन्हा पाहा. काकूंनी त्याच कीबोर्डवरून २३५० लिहिलं होतं, देवनागरीत. टेस्टरने नीटनेटकेपणाच्या नादात ते 2350 केलं असतं, तर धागा तिथेच तुटला असता.

अॅपमध्ये रक्कम तपासणारी ओळ अशी होती:

```
/^\d+$/
```

जावास्क्रिप्टमध्ये इथला `\d` फक्त 0 ते 9 हेच आकडे ओळखतो. २३५० त्याच्या लेखी आकडाच नाही. मांडलेली तक्रार मग अशी दिसते:

सुरुवातीची स्थिती: फोनवर मराठी कीबोर्ड, आकडे देवनागरी.
पायऱ्या: १) अॅपमध्ये 'मेंटेनन्स भरा' उघडा. २) रकमेच्या चौकटीत २३५० टाका. ३) 'पुढे' दाबा.
अपेक्षित: रक्कम स्वीकारून पैसे भरण्याचा पडदा यावा.
प्रत्यक्षात: चौकटीखाली 'कृपया योग्य रक्कम टाका' असा संदेश; पडदा बदलत नाही.
शेरा: 2350 टाकल्यास अडचण येत नाही. वायफाय बंद असतानाही हाच संदेश येतो.

लांबलचक तक्रार तीन पायऱ्यांत आली, आणि कुणालाही अर्ध्या मिनिटात ती करून पाहता येते. दुरुस्ती झाल्यावरही याच पायऱ्यांनी खात्री करायची.

वाद उरतो तो 'अपेक्षित' रकान्याचा. प्रोग्रामर म्हणू शकतो, "आम्ही इंग्रजी आकडेच घेतो, हा बग नाही." म्हणून या रकान्यात आपल्या इच्छेला आधार जोडावा लागतो. इथे तो आहे: याच अॅपचं बिल काकूंना 'देय रक्कम ₹ २३५०' असं देवनागरी आकड्यांत दाखवतं. स्वतः दाखवलेला आकडा अॅपला वाचता येऊ नये, याचं समर्थन करणं कठीण आहे.