ताटाचा भाव कशावर ठरतो

कंपनीच्या कँटीनचं काम मागायला जाणाऱ्या छोट्या केटररच्या प्रस्तावात बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. आठवड्याचा मेनू, स्वच्छतेचं आणि घरगुती चवीचं आश्वासन, आणि शेवटी एक आकडा: नव्वद रुपये ताट. समोरची मंडळी तो आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहतात, पाच रुपयांची घासाघीस होते आणि काम सुरू होतं. मग काही महिन्यांत वरण पातळ होऊ लागतं, पनीरचा वार चुकू लागतो, लोक घरून डबा आणू लागतात. जेवणारे कमी झाल्यामुळे केटररचा तोटा वाढतो आणि वरण आणखी पातळ होतं. यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. नव्वद हा आकडा किती ताटांसाठी खरा आहे, हे कागदावर कुणीच लिहिलेलं नसतं.

एक हिशेब मांडून पाहू. नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान कारखाना धरा. दुपारी १२० माणसं जेवणार, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे ३००० ताटं. ताटात तीन पोळ्या, एक भाजी किंवा उसळ, वरण किंवा आमटी, भात, कोशिंबीर आणि ताक. स्वयंपाक केटररच्या जागेत होणार, तिथून टेम्पोने डबे जाणार आणि वाढायला केटररचीच माणसं असणार. खालचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातले घालावेत. रीत मात्र हीच.

आधी शिधा. एका ताटाला साधारण ९० ग्रॅम कणीक, ७० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम डाळ, निवडण्याआधीची १४० ग्रॅम भाजी आणि २० ग्रॅम तेल लागतं. त्यात कोशिंबीर, ताक, दाणे, खोबरं, मसाला मिळवला की रोजचं ताट तीस रुपयांच्या आसपास जातं. आठवड्यातून एकदा पनीर किंवा गोड असेल तर सरासरी ३४ रुपये होते. गॅसचे सहा रुपये धरा, कारण पोळ्यांचे तवे तीन तास पेटते राहतात. म्हणजे ४० रुपये हा ताटाबरोबर वाढणारा आणि ताटाबरोबर कमी होणारा खर्च.

दुसरा खर्च तसा नाही. आचारी, पोळ्या करणाऱ्या दोघी, एक मदतनीस आणि अर्धा दिवस येणारे दोन वाढपी यांचे पगार मिळून महिन्याला ७९ हजार धरू. टेम्पो १२ हजार, जागेचं भाडं, वीज आणि पाणी १४ हजार, साबण, फडकी, पेस्ट कंट्रोल, तपासण्या वगैरे ५ हजार. केटररची स्वतःची मजुरी २५ हजार. ही शेवटची रक्कम लिहायची पुष्कळांना, विशेषतः घरातून काम सुरू करणाऱ्या बायकांना, भीड वाटते. ती लिहिलीच पाहिजे, नाहीतर पहाटे पाचपासूनचे कष्ट फुकट धरले जातात. एकूण झाले १ लाख ३५ हजार. तीन हजार ताटांवर वाटले तर ताटामागे ४५ रुपये. चाळीस आणि पंचेचाळीस मिळून ८५. नव्वद भाव लावला तर हातात पाच रुपये उरतात.

वर्षाची उलाढाल ३२ लाखांवर जाते, म्हणजे जीएसटी आलाच. केटरिंगवर तो ५ टक्के असतो आणि ताट ९४ रुपये ५० पैशांना पडतं. 'कर वेगळा' हे दोन शब्द प्रस्तावात राहून गेले आणि कंपनीने नव्वद हाच अंतिम भाव धरला, तर त्यातले ४ रुपये २९ पैसे करात जातात. नफ्यातले उरतात एकाहत्तर पैसे.

आता माणसं कमी आली तर काय होतं ते पाहा. रोज ९० जणच जेवले तर तेच १ लाख ३५ हजार २२५० ताटांवर वाटावे लागतात आणि ताट शंभर रुपयांना पडतं. नव्वदच्या भावाने महिन्याला २२,५०० रुपयांचा खड्डा पडतो. तोही माणसं कमी येणार हे आदल्या दिवशी कळलं असेल तर. कळलं नसेल आणि स्वयंपाक १२० जणांचा झाला असेल, तर रोजचे आणखी १२०० रुपये वाया जातात. या हिशेबात तोटा न होण्याची सीमा रोज १०८ ताटांवर येते. म्हणून प्रस्तावात एकच भाव लिहू नये. सरासरी ११० किंवा अधिक ताटांना ९० रुपये. ९५ ते १०९ असतील तर ९८ रुपये. त्याखाली गेल्यास किमान ९५ ताटांचे पैसे द्यावे लागतील. हे मांडताना केटररने हिशेबही समोर ठेवावा. आपली माणसं घटली तर केटरर कुठे काटकसर करील, हे त्यातून खरेदी विभागाला स्पष्ट दिसतं. संख्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावी, सकाळी नऊपर्यंत तीत दहा टक्के फरक चालेल, एवढी सवलत पुरते.

मेनूचं चक्रही याच हिशेबाशी बांधलेलं आहे. सोमवारी मटकी, मंगळवारी बटाटा असं सात दिवसांचं चक्र दुसऱ्या महिन्यात लोकांना पाठ होतं आणि नावडत्या वारी डबे येऊ लागतात. तीन आठवड्यांचं, म्हणजे अठरा कामाच्या दिवसांचं चक्र घेतलं तर तीच भाजी महिन्यातून एक-दोनदाच येते. पण चक्र जेवणाऱ्यांच्या आवडीइतकंच स्वयंपाकघराच्या कुवतीनेही ठरतं. मोडाची उसळ बुधवारी हवी तर मटकी सोमवारी रात्री भिजली पाहिजे, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली पाहिजे. सोमवारी उसळ ठेवली तर शनिवार-रविवारी कुणीतरी यायला हवं. त्यापेक्षा सोमवारी दुधी, कोबी, बटाटा बरा. ज्या दिवशी ताजी खरेदी त्या दिवशी पालेभाजी. पोळ्या लाटणारी सराईत बाई तासाला साठ-सत्तर पोळ्या करते. १२० जणांच्या ३६० पोळ्यांना दोघींचे जवळजवळ तीन तास जातात. त्याच दिवशी थालीपीठ किंवा कटलेट लिहिलं तर तवा कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे निवडण्या-चिरण्याची भाजी असेल त्या दिवशी साधं वरण, आणि पुलाव किंवा मसालेभात असेल त्या दिवशी पोळ्या कमी, अशी कामाची वाटणी चक्रात आधीच करून ठेवावी लागते.

कागदावर मेथी असं नेमकं लिहून ठेवू नये. 'हिरवी पालेभाजी: मेथी, पालक, चाकवत किंवा शेपू' असं लिहावं. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि खराबही फार निघते. पर्याय लिहिलेले असले की केटररला बदल करता येतो आणि कंपनीलाही फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार कॅलेंडरवर आधीच दिसतात. त्या दिवशीची घटलेली संख्याही आधीच ठरवून घ्यावी.

स्वच्छतेच्या परिच्छेदात 'उच्च दर्जाची स्वच्छता' लिहून काही साधत नाही. तपासता येईल तेवढंच लिहावं. १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या प्रत्येकाची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि पाणी तपासणीचा अहवाल हे कागद जोडावेत. खरी कसोटी मात्र स्वयंपाक झाल्यापासून शेवटचा माणूस जेवेपर्यंतच्या वेळेत आहे. सव्वाअकराला भात डब्यात भरला, बाराला पोचला आणि दुसऱ्या पाळीने दोन वाजता वाढून घेतला, तर मध्ये पावणेतीन तास जातात. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राहिलं पाहिजे. त्याखाली आलं की जंतू वाढू लागतात. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ती रुजतात, आणि ओकाऱ्या आणणारं त्यांचं विष पुन्हा परतूनही जात नाही. म्हणून कालच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात हा प्रकार कँटीनच्या मेनूत नकोच. वरणाच्या मोठ्या पातेल्यात वरची साय निवलेली आणि आतला भाग तासन्‌तास कोमट, अशी स्थिती होते. तिथे दुसऱ्या जातीचे जंतू वाढतात आणि जुलाब होतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. टोकदार सळईचा अन्नाचा थर्मामीटर घ्यावा. साडेबारा आणि दीड वाजता डब्याच्या मध्यभागी तो घालून आकडा वहीत लिहावा, वही कंपनीच्या माणसाला पाहू द्यावी. आकडा साठाखाली जात असल्याचं वेळीच लक्षात आलं तर वरण ७५ अंशांपर्यंत पुन्हा तापवावं. भात मात्र दोन खेपांत पाठवावा. कोशिंबिरीत दही वाढण्याच्या जागीच घालावं. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकणाच्या डब्यात, तारीख घालून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा. कुणाला त्रास झाला तर तपासणीला तो हाती असतो, आणि दोष केटररचा नसेल तर तेही त्यातूनच सिद्ध होतं.

प्रस्ताव शाळेसाठी असेल तर आणखी दोन गोष्टी येतात. शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे, म्हणून मेनूत वडे, चिप्स, शीतपेयं नकोत. दुसरी गोष्ट कोठीची. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलातलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. फिनेल, औषधं, रिकामे डबे शिध्याच्या खोलीत ठेवले जाणार नाहीत आणि वाढण्याआधी एक मोठं माणूस चव घेईल, ही दोन वाक्यं शाळेच्या प्रस्तावात ठळक अक्षरांत हवीत.

अटींमध्ये सगळ्यात जास्त भांडण ताटं मोजण्यावरून होतं. केटरर १२० सांगतो, कंपनी ११२. कुपन ठेवा किंवा धुवायला आलेली ताटं मोजा, पण रोज अडीच वाजता एकाच वहीवर दोघांची सही व्हावी. भाववाढीचं कलमही आकड्यात असावं. शिधा आणि गॅस मिळून दहा टक्क्यांनी महागले तर ताटामागे चार रुपये, महिन्याला १२ हजार वाढतात. केटररचा सगळा नफाच १५ हजारांचा आहे. तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, कांदा आणि गॅस यांचे करारादिवशीचे भाव जोडपत्रात लिहून ठेवावेत. त्यांची एकत्रित बेरीज आठ टक्क्यांहून जास्त बदलली तर पुढच्या महिन्यापासून भाव बदलेल, मग वाढो वा घटो.

शेवटी पैसे कधी मिळणार ते. महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या अखेरीला मिळालं तर केटररचे किमान अडीच लाख रुपये अडकून पडतात आणि किराणा उधारीवर, महाग घ्यावा लागतो. म्हणून दर पंधरवड्याला बिल आणि दहा दिवसांत पैसे अशी मागणी करावी. ती मान्य झाली नाही तरी एक आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत, उशीर झाला तर व्याजासह. नोंदणीला शुल्क नाही, पण ती करार होण्याआधी झालेली असावी लागते. तिचा क्रमांक प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहावा.