बेसची रुंदी आणि गेनची मर्यादा

एनपीएन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे व्होल्टेज वाढले, की कलेक्टर आणि बेसच्या सीमेवरचा वाहकरहित पट्टा रुंदावतो आणि बेसमध्ये आणखी सरकतो. बेसची प्रत्यक्ष रुंदी घटते, इलेक्ट्रॉन ती अधिक सहज ओलांडतात आणि कलेक्टर करंट किंचित वाढतो. जेम्स अर्ली यांनी 1952 मध्ये हा परिणाम मांडला.

आलेखावर करंटच्या रेषा त्यामुळे आडव्या न राहता चढत्या दिसतात. त्या मागे वाढवल्या, की व्होल्टेजच्या अक्षावर साधारण एकाच बिंदूत मिळतात. शून्यापासून त्या बिंदूचे अंतर म्हणजे अर्ली व्होल्टेज.

समजा, ते 100 व्होल्ट आहे आणि करंट 1 मिलिअँपिअर. मग ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रोध सुमारे 100 किलोओहम होतो. लोड कितीही मोठा जोडला, तरी हा रोध त्याला समांतर राहतोच. बेसवर 1 मिलिव्होल्ट वाढले, की करंट सुमारे 38 मायक्रोअँपिअरने बदलतो. 100 किलोओहमवर त्याचे 3.8 व्होल्ट होतात, म्हणून गेन 3,800च्या पुढे जात नाही.

करंट दुप्पट केला, तर हा बदल दुप्पट होतो, पण रोध निम्मा होतो आणि गेन तेवढाच राहतो. मर्यादा ओलांडायची, तर कॅस्कोडसारखी रचना करून दुसरा ट्रान्झिस्टर वर जोडावा लागतो.